फाईलमधला एक शब्द

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, मूळचे सातारचे. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे गुरुग्रामला राहायला आले. आल्या आल्या पहिला महिना त्यांनी हिंदी पाट्या वाचण्यात घालवला. ‘शिक्षा विभाग’ ही पाटी पाहून ते मला म्हणाले, “अगं, इथे शिक्षा करायला वेगळं खातं आहे?” मेट्रोत एका मुलाने “अंकल, सीट खाली है” म्हटलं तर आप्पा वाकून खाली पाहू लागले. शेजारच्या वर्माजींचा जागेचा दावा आपसात मिटला आणि ते आनंदाने म्हणाले, “राज़ीनामा हो गया.” आप्पांनी त्यांचं सांत्वन केलं. त्यांना वाटलं, यांची नोकरी गेली.

हे किस्से आम्ही पाहुण्यांना सांगून खूप हसलो आहोत. ओळखीचा चेहरा घेऊन येणारा शब्द परक्या भाषेत भलताच निघतो, एवढं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तशाच एका शब्दाने आम्हाला फसवलं, आणि तेव्हा हसायला कोणी नव्हतं. तो शब्द इंग्रजी होता, इव्हेंच्युअली.

आप्पा 74 वर्षांचे असताना, जानेवारीत, त्यांचा खोकला महिनाभर हटेना म्हणून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. खोकला साधाच निघाला, पण डॉक्टरांना छाती तपासताना हृदयात वेगळा आवाज ऐकू आला. त्यांनी इको करायला सांगितलं. हृदयातून रक्त बाहेर पडताना जी झडप उघडते, महाधमनीची झडप, ती आप्पांच्या बाबतीत कॅल्शियम साठून कडक झाली होती. ती पूर्ण उघडत नव्हती. निरोगी माणसात ही वाट तीन ते चार चौरस सेंटीमीटर असते, आप्पांची 1.2 होती. डॉक्टर घाईत होते, पण नीट बोलले. “अभी कुछ नहीं करना है,” असं ते दोनदा म्हणाले. आम्ही त्यातलं ‘कुछ नहीं करना है’ ऐकलं. ‘अभी’ आमच्या कानावरून गेलं.

कागदावर शेवटच्या दोन ओळी होत्या. पहिली अशी, ‘पेशंट विल इव्हेंच्युअली रिक्वायर व्हॉल्व्ह रिप्लेसमेंट.’ दुसरीत एक वर्षाने पुन्हा इको करून दाखवायला सांगितलं होतं.

नवऱ्याने गाडीत बसल्यावर कागद वाचला आणि म्हणाला, “इव्हेंच्युअली लिहिलंय. म्हणजे लागलंच तर.” मी मान डोलावली. आप्पांनी मागच्या सीटवरून विचारलं, “काय म्हणतोय रे कागद?” “काही नाही आप्पा, कदाचित पुढे झडप बदलावी लागेल, कदाचित नाही.” “मग नाहीच,” आप्पा म्हणाले, आणि आम्ही वाटेत थांबून जिलबी घेतली.

नवऱ्याला हा अर्थ कुठून मिळाला, ते सांगायला हवं. तो मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. त्यांचं अर्धं काम एका जर्मन कंपनीबरोबर चालतं. रोज मेल येतात, इंग्रजीत. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिकडून मेल आला होता की आमचे दोन इंजिनिअर मार्चमध्ये इव्हेंच्युअली मानेसरला येतील. याने हॉटेल घेतलं, गाडी सांगितली, सुरक्षेचे पास काढले. मार्च संपला, कोणी आलं नाही. फोन केल्यावर तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, “पण मी इव्हेंच्युअली लिहिलं होतं ना!” मग पुढच्या मेलमध्ये, इव्हेंच्युअली आणखी एक नमुना लागेल. लागला नाही. इव्हेंच्युअली किंमत बदलेल. बदलली नाही. पंधरा वर्षं असे मेल वाचल्यावर माणूस काय शिकेल? या शब्दाचा अर्थ ‘जमलं तर’. त्याच्या अनुभवात तो अर्थ एकदाही चुकला नव्हता.

आणि मी? मी आमच्या सोसायटीतल्या मुलांच्या शिकवण्या घेते, आठवीपर्यंत, त्यात इंग्रजीही. मला हे लिहिताना लाज वाटते. माझ्या डोक्यात या शब्दासमोर ‘कधीतरी’ लिहिलेलं होतं. आता आपलं ‘कधीतरी’ किती लबाड आहे पाहा. “कधीतरी ये ना घरी” असं आपण रस्त्यात भेटलेल्या माणसाला म्हणतो, तेव्हा तो खरंच येईल अशी आपली अपेक्षा नसते. “कधीतरी काश्मीरला जायचंय” हे वाक्य म्हणतच आयुष्य निघून जातं. “तो कधीतरी येतो” म्हटलं की अर्थ आणखी तिसराच, अधूनमधून येतो. इव्हेंच्युअलीला मी ‘कधीतरी’ची ओसरी दिली आणि तो आमच्या घरात ‘बहुतेक नाहीच’ होऊन बसला.

फाईल माळ्यावर गेली. वर्ष झालं, इको केलं नाही. दुसरं वर्षही सरत आलं.

या दुसऱ्या हिवाळ्यात आप्पा जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबायला लागले. तिथे सोसायटीच्या सूचनांचा फळा आहे. मला वाटायचं, सूचना वाचताहेत. त्यांनी बागेतल्या फेऱ्या पाचाच्या दोन केल्या. विचारलं तर म्हणायचे, “हवा बघ ना कशी आहे.” आणि हवा खरोखरच तशी होती. नोव्हेंबर ते जानेवारी दिल्लीच्या या पट्ट्यात धाप न लागणारा म्हातारा माणूस शोधूनच काढावा लागेल. वर्माजींना धाप, वॉचमनला खोकला, मलाही सकाळी घसा दाटलेला. आप्पांची धाप त्या सगळ्यांच्या गर्दीत लपून गेली.

त्याच सुमारास आमची लेक जर्मन शिकायला लागली. दर शनिवारी ती मेट्रोने राजीव चौकला उतरून कस्तुरबा गांधी मार्गावरच्या मॅक्स म्युलर भवनात जायची. जर्मनीत आणि जगभर या संस्थेचं नाव गोएथे इन्स्टिट्यूट, भारतात मात्र मॅक्स म्युलर भवन. नवऱ्याला तिच्या वर्गाचं फार कौतुक. जेवताना तो तिच्याकडून नवे शब्द म्हणवून घ्यायचा.

एका शनिवारी ती म्हणाली, “बाबा, आज टीचरने फसवे शब्द घेतले. जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष. आणि ‘बेकोमेन’ म्हणजे बिकम नाही, मिळणं. त्यामुळे म्हणे जर्मन लोक हॉटेलात सांगतात, आय बिकम अ कॉफी.” आम्ही हसलो. “आणि ‘एव्हेंटुएल’ म्हणजे कदाचित. पण इंग्रजीत इव्हेंच्युअली म्हणजे कदाचित नाही. टीचर म्हणाल्या, हा सगळ्यात वाईट, कारण वाक्य चुकलंय हे कळतच नाही. कॉफीचं लगेच कळतं.”

नवऱ्याचा घास हातात राहिला. “मग इंग्रजीत काय?”

“उशिरा, पण होणार. नक्की होणार.”

तो मोठ्याने हसला. मानेसरचं पंधरा वर्षांचं कोडं त्याला एका घासात सुटलं होतं. ते बिचारे जर्मन लोक आपलाच शब्द इंग्रजी कपडे घालून पाठवत होते! हॉटेलचं बुकिंग, नमुने, सगळं तो पुन्हा लेकीला सांगू लागला. मी पोळी लाटत होते. माझ्या मनात कुठलाही मेल नव्हता. मला गाडी आठवली, जिलबी आठवली, आणि आप्पांचा “मग नाहीच” असा निश्चिंत आवाज.

ताटं उचलल्यावर मी स्टूल घेऊन माळ्यावरून फाईल काढली. ओळ तीच होती. दोन वर्षांपूर्वी वाचलेलीच. फक्त आता ती वेगळं सांगत होती. डॉक्टरांनी ‘लागू शकेल’ असं कुठेही लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, झडप बदलावी लागणारच आहे. आज नाही, इतकंच.

सोमवारी आम्ही त्याच डॉक्टरांकडे गेलो. इको झालं. वाट 1.2 वरून 0.9 वर आली होती. एकच्या खाली आली की आजार तीव्र धरतात. त्यांनी आप्पांना विचारलं, “जिना चढताना थांबावं लागतं?” आप्पा माझ्याकडे पाहून म्हणाले, “फळा वाचतो.” मग जरा वेळाने म्हणाले, “थांबावं लागतं.”

मी डॉक्टरांना विचारलं, तुम्हाला दोन वर्षांपूर्वी एवढं नक्की कसं माहीत होतं? त्यांनी सांगितलं ते मला त्या शब्दाचा अर्थ म्हणूनच आठवतं. झडपेवर साठलेलं कॅल्शियम औषधाने उतरत नाही. हा आजार एकाच दिशेने जातो, मागे येत नाही. कुणाचा दोन वर्षांत तीव्र होतो, कुणाचा आठ वर्षांत. म्हणून कुठे जाणार हे सांगता येतं, कधी पोचणार हे सांगता येत नाही. म्हणून दरवर्षी इको. धाप, छातीत दुखणं किंवा चक्कर सुरू झाली की मग मात्र थांबायचं नसतं, कारण त्यानंतर झडप न बदलता फार काळ हाती नसतो.

दिशा नक्की, वेळ अनिश्चित. मी घरी येऊन शिकवणीच्या वहीत तेवढंच लिहिलं. मुलांना मी आता दोन प्रश्न विचारायला सांगते. होणार का? आणि कधी? ‘पॉसिब्ली’ किंवा ‘मेबी’ या दोन्ही प्रश्नांवर खांदे उडवतो. इव्हेंच्युअली पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणतो आणि दुसऱ्याला गप्प बसतो. वाक्याच्या शेवटी ‘किंवा होणारही नाही’ जोडून पाहिलं तरी कळतं. “मेबी तो येईल, किंवा येणारही नाही” हे चालतं. “इव्हेंच्युअली तो येईल, किंवा येणारही नाही” हे दोन पायांनी दोन दिशांना चालल्यासारखं होतं.

एक मुलगी हुशार. तिने विचारलं, “मग ‘ही मे इव्हेंच्युअली कम’ असं पुस्तकात का लिहिलंय?” प्रश्न बरोबर होता. तिथे शंका आहे, पण ती ‘मे’ने आणली आहे. इव्हेंच्युअलीने फक्त उशीर आणला. डॉक्टरांच्या ओळीत ‘मे’ नव्हता, ‘विल’ होता. आमची नजर त्या छोट्या शब्दावर थांबायला हवी होती. आम्ही लांबलचक शब्दाकडेच पाहत राहिलो.

भूतकाळात हा शब्द सोपा जातो. “वुई इव्हेंच्युअली फाउंड द हाउस” म्हणजे बरीच शोधाशोध केली आणि अखेर घर सापडलं. इथे मराठीत ‘अखेर’ किंवा ‘शेवटी’ छान बसतं, आणि शब्दकोशातही तेच दिलेलं असतं. अडचण भविष्यकाळात आहे. “पेशंटला शेवटी झडप बदलावी लागेल” हे वाक्य कानाला तक्रारीसारखं लागतं, किंवा सगळ्या गोष्टींच्या यादीत झडप सर्वांत खाली आहे असं वाटतं. तिथे मन ‘शेवटी’ सोडून ‘कधीतरी’कडे वळतं, आणि फसतं. मी बरेच दिवस शब्द शोधत होते. तो आप्पांच्याच बोलण्यात सापडला. शेजारच्या घराला लागून असलेल्या, कलत चाललेल्या झाडाकडे पाहून ते म्हणाले, “हे आज ना उद्या पडणारच.”

आज ना उद्या. आणि पडणार‘च’. इव्हेंच्युअलीत तो ‘च’ दडलेला आहे. कागदावर ‘आज ना उद्या झडप बदलावी लागणारच’ असं वाचलं असतं, तर ती फाईल आमच्या घरात कोणी माळ्यावर टाकली नसती.

लेकीच्या वर्गामुळे मला मग हे वेडच लागलं. ही फसगत फक्त जर्मनांची नाही. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, डच, डॅनिश, पोलिश या सगळ्या भाषांत याच कुळातला शब्द आहे आणि सगळीकडे त्याचा मुख्य अर्थ ‘वेळ आलीच तर’ असा आहे. मूळ लॅटिन, बाहेर येणं, निष्पन्न होणं. इव्हेंट म्हणजे जे घडून बाहेर आलं ते. युरोपातल्या बहुतेक भाषांनी त्यातून ‘असं घडलंच तर’ हा अर्थ घेतला. इंग्रजीने ‘घडत घडत जे होतंच ते’ हा घेतला. म्हणजे चूक करणारे एकटे नाहीत. इंग्रजीच आपल्या भावंडांपासून वेगळी राहायला गेली आहे. अशा शब्दांना दोन फ्रेंच लेखकांनी 1928 साली आपल्या पुस्तकात ‘खोटे मित्र’ असं नाव दिलं, आणि ते नाव जगभर रूढ झालं. आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग शिक्षा आणि राजीनामा हे आमचे दिल्लीतले खोटे मित्र.”

गंमत म्हणजे इंग्रजीतही तो जुना ‘जर-तर’ पूर्ण गेलेला नाही. आमच्या आधीच्या भाड्याच्या घराचा करारनामा मी काढून पाहिला. त्यात ‘इन द इव्हेंट ऑफ’ चार ठिकाणी होतं. भाडं थकलं तर, घर मोडतोड झालं तर. तिथे इव्हेंट म्हणजे सरळ ‘जर’. ‘इव्हेंच्युअॅलिटी’ हा शब्दही तसाच, उद्भवू शकेल असा प्रसंग. विम्याच्या कागदांत तो भेटतो. एकाच घरातली दोन माणसं ‘जर’ बोलतात आणि तिसरा, इव्हेंच्युअली, ‘नक्की’ बोलतो. करारनामे आणि पॉलिसी वाचून इंग्रजी शिकलेल्या माणसाने त्या तिसऱ्याला चुकीचं ओळखलं, तर मी त्याला हसणार नाही.

आप्पांची झडप फेब्रुवारीत बदलली. वय पाहून डॉक्टरांनी छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन नवी झडप बसवली. आप्पांना त्याचं फार आश्चर्य. “सातारहून निघून कराडमार्गे दिल्लीला यावं तसं,” असं ते भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगत. कराड उलट्या दिशेला आहे हे कोणी त्यांना सांगितलं नाही. पाचव्या दिवशी ते घरी आले. मार्चच्या शेवटी दोन जिने न थांबता चढले आणि वर येऊन म्हणाले, “फळ्यावर काय लिहिलंय ते आता कळतच नाही.”

नवऱ्याने त्या जर्मन सहकाऱ्याला हे सगळं लिहिलं नाही. फक्त पुढचा मेल आला, जूनमध्ये आम्ही इव्हेंच्युअली येऊ, तेव्हा त्याने हॉटेल घेण्याआधी उलट विचारलं, नक्की येताय आणि तारीख ठरायची आहे, की येण्याचंच ठरायचं आहे? उत्तर आलं, येण्याचंच ठरायचं आहे. आणि खाली एक ओळ होती, हा प्रश्न आम्हाला आजवर कोणी विचारला कसा नाही?

शेजारचं ते झाड पावसाळ्याच्या पहिल्या वादळात पडलं. भिंतीचा कोपरा गेला, माणसं वाचली. आप्पा गॅलरीत उभे राहून पाहत होते. आता त्यांना साताऱ्याला जायचं आहे, निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेसने, रात्रभर खिडकीशी बसून. मी म्हटलं, “जाऊ आप्पा, आज ना उद्या जाऊच.”

“तसं नको,” आप्पा म्हणाले, “तारीख सांग.” मी फोन उघडला आणि तिकिटं पाहू लागले.